आजोबांचा चष्मा गोल व्हायला हवा

आत्याची पंचाहत्तरी फेब्रुवारीत होती आणि मला सप्टेंबरात सुचलं की तिला तिच्या वडलांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, चेहरा क्रोशानं विणून द्यायचा. भिंतीवर टांगता येईल असा, चाळीस सेंटिमीटर रुंद, पन्नास उंच. टेपेस्ट्री क्रोशे, म्हणजे रंगीत धागे बदलत चित्र विणायचं, ते मी याआधी केलं होतं पण ते पर्सवरचे बदाम आणि जिन्यासारखी नक्षी, माणसाचं तोंड कधी नाही.

फोटो एकच. आमचं घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला होतं, 1961 च्या पानशेतच्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, त्यात फोटोंची पेटीपण गेली. नंतर आजोबांचा फोटो म्हणजे 1964 सालचा एका मुंजीतला ग्रुप फोटो, वाड्याच्या चौकात काढलेला, वीस-बावीस माणसं, मधे आजोबा, काळी टोपी, जाड काळ्या फ्रेमचा गोल चष्मा. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या फोटोत आजोबांचं तोंड जेमतेम दीड सेंटिमीटर!

आधी मला पूर्ण ग्रुपच करायचा होता, फार छान दिसेल वगैरे. मग साधा हिशोब केला. रुंदीत ऐंशी टाके बसणार, एक टाका म्हणजे ग्राफवरचा एक चौकोन, पंधरा सेंटिमीटरचा फोटो त्यात बसवला तर आजोबांचं तोंड आठ टाक्यांचं होतं, आणि चष्म्याची एक काच साडेतीन टाके. फ्रेमला एक टाका, परत फ्रेमला एक टाका, मधल्या दीड टाक्यात डोळा कसा घालणार? ग्रिडमधे जे एका चौकोनापेक्षा लहान आहे ते नसतंच, सरळ हिशोब आहे. म्हणून सगळे काका-मामा कापले आणि फक्त आजोबा ठेवले, टोपीपासून खांद्यापर्यंत. आता तोंडाला अठ्ठेचाळीस टाके मिळाले आणि एका काचेला फ्रेमसकट एकवीस.

लोकांना वाटतं की फोटो जुना आहे, धूसर आहे, मग काय विणणार. तर विणायला फोटो अगदी शार्प लागतच नाही. मी तो 600 डीपीआयवर स्कॅन केला, तोंडाच्या रुंदीत साडेतीनशे पिक्सेल आले, आणि मला हवे होते अठ्ठेचाळीस. उरलेले सगळे फेकायचेच असतात. अडचण असते ती सावलीची, समोरून फ्लॅश मारलेला फोटो कितीही शार्प असला तरी विणताना थाळीसारखा दिसतो कारण नाकाला बाजूच नसते. आमच्या फोटोत ऊन एका बाजूनं होतं, आजोबांच्या नाकाची सावली आपल्या उजवीकडे पडली होती, आणि ही सावली पुढे माझ्या फार कामाला आली, ते सांगते.

आता चूक नंबर एक. चाळीस बाय पन्नास म्हणजे चारास पाच, म्हणून मी ग्रिडपण तसाच घेतला, ऐंशी टाके आणि शंभर ओळी. ग्राफपेपरवर एकदम फर्स्ट क्लास दिसत होता, आजोबा हुबेहूब. अप्पा बळवंत चौकातून ग्राफची वही आणली होती, त्यात चौकोन चौकोनीच असतात ना. पण मुका खांब चौकोनी नसतो! (मुका खांब म्हणजे अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो, आणि त्यालाच इंग्लंडवाले डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे पॅटर्न कुठला आहे ते बघून घ्यायचं नाहीतर भलतंच होतं.) मुका खांब रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, थोडासाच, एका टाक्यात कळतपण नाही. माझ्या हाताला दहा सेंटिमीटरमधे वीस टाके बसतात आणि ओळी चोवीस. म्हणजे टाका पाच मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त उंच.

मी हे मोजलं कधी, तर अडुसष्ट ओळी झाल्यावर. चष्मा पूर्ण झाला म्हणून कौतुकानं जमिनीवर पसरून बघितलं तर आजोबा ओळखूच येईनात. गाल फुगलेले, हनुवटी वर ढकललेली, सणाचं जेवून नुकतेच उठल्यासारखे. आई म्हणाली, "कोण आहेत हे?" मग मी चष्म्यावर पट्टी ठेवली. काच रुंदीला साडेदहा सेंटिमीटर आणि उंचीला पावणेनऊ. तिथं सगळं कळलं. खांदे आणि गाल चपटे झाले तर माणूस म्हणतो असतील रुंद, पण गोल चष्मा गोल नाही हे कुणालाही दिसतं. तुमच्या फोटोत एखादी गोल वस्तू असेल, चाक, टिकली, घड्याळ, तर आधी तेवढीच छोटी विणून मोजा, दोन तास जातील पण अडुसष्ट ओळी वाचतील. अडुसष्ट गुणिले ऐंशी, पाच हजार चारशे चाळीस टाके उसवले मी. चार रंगांचे. एकमेकांत गुंतलेले. त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

उंची पन्नास सेंटिमीटर हवी आणि दहात चोवीस ओळी बसतात, म्हणजे एकशेवीस ओळी हव्यात, शंभर नाहीत. टाके तेच ऐंशी. मग भाच्यानं कॉम्प्युटरवर करून दिलं, जीआयएमपी फुकट मिळतं त्यात. आधी फोटो चारास पाच कापून घेतला, मग Scale Image मधे रुंदी-उंचीमधली साखळी तोडून 80 आणि 120 टाकलं, तर स्क्रीनवर आजोबा उंचाडे, ताणलेले, एकदम पेन्सिलीसारखे दिसायला लागले. भाचा म्हणाला, "मावशी, हे चुकलंय." म्हणलं, नाही रे, असंच दिसायला हवं. कागदावर ताणलेले दिसले तर विणल्यावर बरोबर दिसणार. ग्राफवर माझ्या चष्म्याला एकवीस टाके आणि पंचवीस ओळी आल्या, तो अंड्यासारखा उभट दिसतो, आणि विणला की गोल होतो.

नमुना, म्हणजे टाके-ओळी मोजायला आधी विणायचा छोटा तुकडा, तो कसा विणायचा हेपण इथेच लिहून टाकते कारण त्यात मी परत फसणार होते. एका रंगात चौकोनी तुकडा विणून मोजलं तर ते खोटं असतं. टेपेस्ट्रीमधे जो रंग वापरात नाही तो धागा टाक्याच्या पोटातून सोबत चालत असतो, त्यानं टाका जाड होतो, उंची वाढते. माझ्या हातात दहा सेंटिमीटरमागे दीड ओळीचा फरक पडला, पूर्ण चित्रात साडेसात ओळी, म्हणजे तीन सेंटिमीटर. तर नमुना विणताना एक धागा पोटात घालूनच विणायचा, आणि सगळा नमुना मोजायचा नाही, कडा ओढल्या जातात, मधले दहा सेंटिमीटर मोजायचे.

त्याच नमुन्यावरून धागा किती लागणार तेपण निघालं. दहा बाय दहाचा तुकडा छोट्या काट्यावर नऊ ग्रॅम भरला. चाळीस बाय पन्नास म्हणजे असे वीस तुकडे, एकशेऐंशी ग्रॅम. मागच्या रंगाला साधारण चाळीस टक्के चौकोन होते, म्हणजे बहात्तर, मी शंभर घेतला आणि एकाच डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला घेतला, लेबलवरचा नंबर बघून.

आता रंग. फोटो ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे कुठलाही रंग घ्यायची मोकळीक, आणि मोकळीक मिळाली की माणूस जरा वाहवत जातो. रविवार पेठेत लोकरीच्या दुकानात उभं राहिल्यावर काय विचारता, मी आठ रंग घेऊन बसले होते. मग स्वतःला दटावलं की चारच. टोपी आणि फ्रेमला काळा, सावलीला तपकिरी, कातडीला बदामी, आणि मागे हळदी पिवळा कारण तो मला आवडतो आणि आत्याच्या भिंतीला शोभेल.

हळदी आणि बदामी शेजारी ठेवले तर काय उठून दिसतात एकमेकांपासून! पण चेहऱ्याची कडा विणून चार पावलं मागे गेले तर कडा गायब, गाल कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते कळेना. लांबून डोळा रंग नाही बघत, उजेड-अंधार बघतो, आणि हळदी नि बदामी सारखेच उजळ आहेत. चौघांचे गुंडे ओळीत ठेवून मोबाईलवर फोटो काढला आणि मोनो केला, तर दोन गुंडे हुबेहूब एकाच राखाडी रंगाचे. हे दुकानातच केलं असतं तर परत फेरी पडली नसती. आता मी दुकानात उभी राहून हेच करते, दुकानदार बघत राहतो, बघू दे.

मागच्या रंगाची अट अशी होती की तो काळ्या टोपीपेक्षा बराच उजळ हवा, बदामी गालापेक्षा बराच गडद हवा, आणि तपकिरी सावलीतपण विरायला नको. मूळ फोटोत मागे वाड्याचा काळपट दरवाजा आहे, टोपी त्यात अर्धी बुडालीच आहे, फोटोत आपण ती ओळखतो कारण आपल्याला माहीत असतं टोपी आहे, विणल्यावर नुसता काळा ढग झाला असता. म्हणून दरवाजा सोडून दिला आणि शेवाळी घेतला. काळा, तपकिरी, शेवाळी, बदामी, मोनोमधे चार सरळ पायऱ्या दिसल्या. हळदी रंगाचा शंभर ग्रॅमचा गुंडा अजून कपाटात आहे.

चार रंग करताना भाच्यानं पहिल्यांदा Image मेनूत Mode आणि त्यात Indexed करून रंग चार टाकले, पण खाली Color dithering होतं ते None करायचं राहिलं, तर सगळ्या गालावर एकेक सुटा चौकोन, देवी आल्यासारखा. कॉम्प्युटर दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा दाखवायला बघतो, पडद्यावर ते चालतं, क्रोशात प्रत्येक ठिपका म्हणजे दोनदा धागा बदलणं. ते बंद केलं, तरी थोडे सुटे चौकोन राहिले, ते मी हातानं पुसले. गालावरचे, कपाळावरचे. टोपीची खालची कडापण वेडीवाकडी जिन्यासारखी आली होती, तीपण सरळ करून टाकली, स्वच्छ दिसायला लागलं.

विणायला सुरुवात केली ती खांद्यांकडून, खालून वर. एक्क्याऐंशी साखळ्या, एक वळायची, ऐंशी टाके. धागा बदलायचा तो आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीत, म्हणजे टाका अर्धा जुन्या रंगात घ्यायचा आणि सुईवरच्या दोन फासातून ओढताना नवा रंग ओढायचा, नाहीतर नव्या रंगाच्या डोक्यावर जुन्याचा ठिपका बसतो. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते हे की काळा धागा बदामी टाक्यांच्या पोटातून नेला की बाहेर डोकावतो, अगदी घट्ट विणलं तरी टाक्यांच्या फटीतून. हनुवटीच्या चार ओळींत आजोबांना दोन दिवसांची दाढी आली. तेवढ्या चार ओळी परत उसवल्या. मग काळा सोबत न्यायचाच नाही असं ठरवलं, फ्रेमच्या प्रत्येक उभ्या भागाला पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला वेगळा छोटा काळा धागा, तो तिथंच मागं लोंबत राहतो आणि पुढच्या ओळीत तिथंच सापडतो. चष्म्याच्या भागात असे चार पुठ्ठे लटकत होते, मागून ते तोरणासारखं दिसायचं. पोटातून फक्त तपकिरी नेला, तो बदामीतून दिसतो पण कातडीची छटा वाटतो, घाण नाही वाटत.

आणि आता ओळी मोजणं, ज्यात मी सगळ्यात हुशार समजत होते स्वतःला. एक ओळ सरळ बाजूनं, मग वळवायचं, पुढची उलट बाजूनं. त्यामुळे ग्राफ वाचताना विषम ओळ उजवीकडून डावीकडे आणि सम ओळ डावीकडून उजवीकडे. मी प्रत्येक ओळ लिहूनच घेतली होती, बाणासकट. उदाहरणार्थ चष्म्याच्या मधली सदुसष्टावी, उजवीकडून: शेवाळी 14, तपकिरी 3, काळा 2, बदामी 17, काळा 2, तपकिरी 2, बदामी 4, काळा 2, बदामी 17, काळा 2, बदामी 3, शेवाळी 12. बेरीज ऐंशी. ओळ संपली की बेरीज जुळते का बघायची आणि पेन्सिलीनं टिक करायची. इतकी शिस्त, मग चूक कशी होणार?

शेहेचाळिसाव्या ओळीला फोन आला. पंचेचाळीस संपली होती, फोन ठेवला, आणि मी टिक केली शेहेचाळीसला. म्हणजे प्रत्यक्षात विणायची होती सम ओळ, उलट बाजूनं, आणि मी वाचायला घेतली सत्तेचाळीस, उजवीकडून. त्यानंतर काय झालं बघा, प्रत्येक ओळीचा बाण उलटा पडला. सरळ बाजू समोर असताना सम ओळ वाचते, उलट बाजू समोर असताना विषम. एक ओळ सुटली आणि तिथून वरचे आजोबा आरशातले झाले.

आणि हे कळत नाही! बेरीज रोज ऐंशीच येते कारण आरशातल्या ओळीची बेरीजपण ऐंशीच. ओळी आपापसात जुळतात कारण सगळ्याच उलट्या आहेत. माणसाचा चेहरा दोन्हीकडून जवळजवळ सारखा, गालाच्या कडेला एक-दोन टाक्यांची पायरी पडली होती पण मी म्हणलं असेल गालफड. अकरा ओळी अशा गेल्या. मग नाक आलं, आणि नाकाची सावली डावीकडे उगवली. खाली हनुवटीखालची सावली उजवीकडे, वर नाकाची डावीकडे, वाड्याच्या चौकात दोन सूर्य. सावली नसती तर मी टोपीपर्यंत तशीच गेले असते.

अकरा ओळी उसवून परत शेहेचाळीसवर आले तेव्हा शांत डोक्यानं विचार केला की टिक करण्यावर विसंबायचं नाही, विणलेल्या तुकड्यालाच विचारायचं. सुरुवातीच्या साखळीची धाग्याची शेपटी खाली लोंबत असते. उजव्या हातानं विणणाऱ्याला पहिल्या ओळीत ती डाव्या कोपऱ्यात असते, आणि तुकडा वळवला की उजव्या. म्हणजे नवीन ओळ सुरू करताना शेपटी खाली डावीकडे दिसली तर ओळ विषम, उजवीकडे दिसली तर सम. मी ती शेपटी कापायची, लपवायची सोडून तिला लाल मणी बांधला. दुसरं, दर दहाव्या ओळीच्या कडेला वेगळ्या रंगाच्या धाग्याची गाठ. गाठी मोजल्या, वरच्या सुट्या ओळी मोजल्या की ओळ नंबर कळतो, कागद काहीही म्हणो. मणी सांगतो सम का विषम, गाठी सांगतात कितवी, दोन्ही आणि कागद जुळले तरच पुढे. ते हातात घालायचं क्लिकवालं काउंटरपण आणलं होतं, पण क्लिक केलं का नाही हेच आठवत नाही, म्हणजे परत तोच प्रश्न.

आणि बेरजेऐवजी मी आता प्रत्येक रंगबदलाला खालच्या ओळीकडे बघते. खालच्या ओळीतल्या बदलापासून हा बदल एक टाका सरकला, दोन सरकला, का तिथंच आहे. चेहऱ्यात बदल सहसा एका-दोन टाक्यांपेक्षा जास्त सरकत नाही. एकदम तीन-चार सरकला की थांबायचं.

एक ओळ मला दहा-बारा मिनिटं लागायची, चष्म्यात वीस. रोज रात्री दोन-तीन ओळी, त्याच्यावर गेलं की मान धरते. जानेवारीच्या शेवटी टोपी झाली, वर शेवाळीच्या चार ओळी, संपलं. पट्टी लावून बघितलं, काच साडेदहा बाय साडेदहा, दोन मिलिमीटर इकडं-तिकडं.

पंचाहत्तरीच्या दिवशी आत्याच्या हॉलमधे, कोथरूडला, समोरच्या भिंतीवर लावला. ती स्वयंपाकघराच्या दारातून आली, लांबूनच बघितलं आणि थांबली, नाव विचारायची गरज पडली नाही. मग जवळ गेली, चष्म्यावरून बोट फिरवलं, आणि नारायण पेठेतल्या माणसाला जे करावंच लागतं ते केलं.

"सगळं बरोबर आहे गं. पण अण्णा टोपी अशी सरळ कधी घालायचे नाहीत. डाव्या कानावर किंचित तिरकी असायची त्यांची."

घरी येऊन मूळ स्कॅन उघडला. तिरकी आहे. रुंदीभरात चार ओळींचा उतार आहे, आणि ग्रिड करताना तो बरोबर उतरलापण होता, ती वेडीवाकडी जिन्यासारखी कडा म्हणजे तोच उतार. मीच पुसला. त्र्याण्णवाव्या ओळीपासून वरचं उसवावं लागेल, मी मोजून ठेवलंय, आत्याला अजून सांगितलं नाही.